तळाची बेरीज आणि रात्रीचे २० मिली

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींच्या हातात मी दरवर्षी एक इनटेक-आउटपुट चार्ट देते आणि विचारते, हा पेशंट कसा आहे? चार्ट मी शिकवण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातली एकही चूक कल्पनेतली नाही. प्रत्येक चूक मी वॉर्डात पाहिलेली आहे आणि त्यांतल्या दोन सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच हातून झालेल्या आहेत. बहुतेक जणींची नजर थेट कागदाच्या तळाशी जाते. तिथे लिहिलेलं असतं: एकूण आत २५००, एकूण बाहेर २२५०, बॅलन्स अधिक २५०. उत्तर येतं, 'ठीक आहे, मॅडम.' तो ठीक नाही. ते का दिसलं नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

पेशंट ५८ वर्षांचा पुरुष, वजन ६० किलो. जठराच्या पुढच्या आतड्यातला अल्सर फुटल्यानं पोटात पू झाला होता. ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. तोंडानं काही नाही. नाकातून राइल्स ट्यूब, पोटात एक ड्रेन, लघवीला फोलीज कॅथेटर. सलाइनची ऑर्डर तासाला १०० मिली, म्हणजे दिवसाला २४००. चार्ट सकाळी आठ ते दुसऱ्या सकाळी आठपर्यंतचा.

आधी लघवीचा रकाना घेऊ. त्यात तीन आकडे आहेत, प्रत्येक ड्युटीचा एक. सकाळची ड्युटी आठ ते दोन: ३००. दुपारची दोन ते आठ: २१०. रात्रीची आठ ते आठ: २४०. बेरीज ७५०. मोठ्या माणसात लघवी ताशी किलोमागे निदान अर्धा मिली हवी, हे वर्गात पाठ झालेलं असतं. साठ किलोला ताशी ३० मिली. ७५० ला २४ नं भागलं तर ३१ येतात. नियम पाळला गेला, असं वाटतं.

आता तेच आकडे ज्या-त्या ड्युटीच्या तासांनी भागा. सकाळी सहा तासांत ३००, म्हणजे ताशी ५०. दुपारी सहा तासांत २१०, ताशी ३५. रात्री मात्र ड्युटी बारा तासांची आहे, आणि २४० ला बारानं भागल्यावर २० येतात. रात्रीचा आकडा दुपारच्या आकड्यापेक्षा मोठा दिसत होता, कारण तो दुप्पट वेळेचा होता. पन्नास, पस्तीस, वीस, असा तो उतार आहे. दिवसाच्या सरासरीत सकाळच्या पन्नासांनी रात्रीचे वीस झाकून टाकले.

मूत्रपिंडाच्या तीव्र इजेबद्दल २०१२ साली आलेली केडिगोची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. त्यांच्या हिशेबात लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलीच्या खाली सहा तास राहिली तर पहिला टप्पा धरतात, बारा तास राहिली तर दुसरा. आपला पेशंट रात्रभर त्या रेषेखाली होता. म्हणजे सकाळी आठ वाजता 'अधिक २५०' असं लिहून ज्या क्षणी कागद फाइलला लावला गेला, त्याच क्षणी तो लघवीच्या निकषावर दुसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर आला होता. यात कोणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. लघवीचं मोजमापही बरोबर होतं. फक्त भागाकार कोणी केला नव्हता.

म्हणून पहिली टीप अशी. बेरीज वाचण्याआधी लघवीचा रकाना वरून खाली वाचा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो किती तासांचा आहे हे मनात का होईना, पण लिहा. तासांशिवाय लघवीच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. ज्याची लघवी दर तासाला मोजायची ऑर्डर आहे त्याला युरोमीटर लावलेला असतो. त्याची छोटी कडक पेटी तासाला रिकामी करून लिहायची असते. जिथे नुसती युरोबॅग असते तिथे पिशवीवरच्या रेषांवर विसंबू नका. ती पिशवी मऊ असते, फुगते, तिरकी लोंबते, आणि तिच्यावरच्या रेषा शंभर-शंभर मिलीच्या अंतरानं असतात. ज्या पेशंटच्या बाबतीत ताशी वीस आणि तीस यांतला फरक ठरवायचा आहे, त्याच्यासाठी ती पट्टी फार जाडी आहे. मोजपात्रात ओता, सपाट जागी ठेवा, डोळे पातळीला आणून वाचा.

आता तळाच्या बेरजेकडे येऊ. ती 'अधिक २५०' कशी आली?

आतल्या रकान्यात पाच बाटल्या लिहिलेल्या आहेत, प्रत्येकी ५००. एकूण २५००. पण पाचवी बाटली पहाटे साडेचारला लावली होती आणि लावतानाच ५०० लिहून टाकले होते. सकाळी आठला तिच्यात ३०० शिल्लक होते. रात्री पेशंटचा हात कोपरात वाकला, ड्रिप मंदावली, आणि साडेतीन तासांत जेमतेम २०० मिली आत गेलं. म्हणजे सलाइन खरं २२०० गेलं, ऑर्डरपेक्षा २०० नं कमी. कागदावर मात्र ते ऑर्डरपेक्षा १०० नं जास्त दिसतं. बाटली लावणं ही एक घटना आहे आणि बाटली शरीरात जाणं ही दुसरी. चार्टवर दुसरी लिहायची असते. चार्ट बंद करताना 'गेलं २००, शिल्लक ३००' असं लिहावं, आणि नव्या दिवसाच्या पहिल्या ओळीत ते ३०० पुढे न्यावेत. असं केलं नाही तर सकाळची सिस्टर एक तर तीच बाटली पुन्हा लिहिते, किंवा ती आधीच लिहिली आहे म्हणून सोडून देते.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची. पेशंटला मेट्रोनिडाझोल दिवसातून तीनदा चालू होतं, शंभर मिलीच्या बाटलीतून. पॅरासिटामॉलची शंभर मिलीची बाटलीही तीनदा गेली. ही सहाशे मिली औषधांच्या कागदावर टिक करून नोंदली गेली, इनटेकमध्ये नाही, कारण ती 'औषधं' होती. शरीराला हा भेद कळत नाही. औषधाबरोबर गेलेलं पाणी हे पाणीच असतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला दिवसाला एक लिटरची मर्यादा घातलेली असते, तेव्हा हे विसरलेले सहाशे मिली त्याला रात्री उठून बसवू शकतात, धाप लागून.

तर आत गेलेलं खरं: २२०० अधिक ६००, म्हणजे २८००.

बाहेरच्या रकान्यात लघवी ७५०, राइल्स ट्यूबमधून हिरवट ११००, ड्रेन ४००, एकूण २२५०. यात ड्रेनच्या बाजूनं झिरपून ड्रेसिंग भिजलं ते नाही. रात्रीत दोनदा पॅड बदलले गेले. कोरडा पॅड आणि ओला पॅड यांच्या वजनांत जितक्या ग्रॅमचा फरक, तितके मिली द्रव असं साधारण धरता येतं. या पेशंटच्या पॅडमध्ये अंदाजे २०० होते. आमच्याकडे ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा असावा, असं मी बरीच वर्षं म्हणत आले आहे. लहान मुलांच्या वॉर्डात डायपर याच रीतीनं मोजतात. मोठ्यांच्या वॉर्डात तो हिशेब 'ड्रेसिंग सोक्ड' या दोन शब्दांत संपतो.

आता बाहेर गेलेलं २४५० झालं. २८०० मधून वजा केले तर अधिक ३५०. कागदावरच्या २५० पासून हा आकडा फार लांब नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. पाचव्या बाटलीनं इनटेक फुगवला, औषधांच्या विसरलेल्या बाटल्यांनी तो घटवला, भिजलेल्या ड्रेसिंगनं आउटपुट घटवला. तीन चुका एकमेकींना छेद देत एका सभ्य दिसणाऱ्या आकड्यावर येऊन थांबल्या. बेरीज शंकास्पद दिसली असती तर कोणीतरी मागे जाऊन पाहिलं असतं. बेरीज पटण्याजोगी दिसते म्हणून ती बरोबर समजू नका.

आणि अजून एक रकाना उरतो, जो छापलेल्या चार्टवर नसतो. त्वचेतून आणि श्वासातून जाणारं पाणी. मोठ्या माणसात दिवसाला ढोबळमानानं ८०० मिली, आणि ताप असला की एक अंश सेल्सिअसमागे साधारण एक दशांश वाढ. आपल्या पेशंटला संध्याकाळी १०१ ताप होता, तेव्हा ८०० ते ९०० धरू. शरीर अन्न जाळताना स्वतः सुमारे ३०० मिली पाणी तयार करतं, ते यातून वळतं करावं लागतं. उरले ५०० ते ६००. अधिक ३५० मधून ते गेले की हिशेब उणा येतो, जवळपास २०० नं. हा आकडा अंदाजाचा आहे आणि तो चार्टवर लिहायचा नसतो. पण वाचताना तो डोक्यात असायलाच हवा. छापील चार्टवर शून्य बॅलन्स असलेला पेशंट खऱ्या हिशेबात कोरडा पडत असतो, एवढं त्यावरून कळतं.

याहूनही कठीण बाब म्हणजे पोटात पू झालेल्या पेशंटचं पाणी शरीराच्या आतच हरवतं. सुजलेल्या आतड्याच्या भिंतीत, फुगलेल्या आतड्याच्या पोकळीत, पोटाच्या पडद्याच्या आत ते साचतं. ते बाहेर आलेलं नाही म्हणून आउटपुटमध्ये नाही, आणि रक्तवाहिनीत नाही म्हणून किडनीच्याही उपयोगाचं नाही. अशा पेशंटचा बॅलन्स दोन लिटरनं अधिक असू शकतो, वजन वाढलेलं असू शकतं, पायावर सूज असू शकते, आणि तरीही त्याच्या रक्तवाहिन्या रिकाम्या असू शकतात. डेंगीच्या पेशंटमध्येही रक्तातला द्रव असाच वाहिन्यांबाहेर झिरपतो. पावसाळ्याच्या शेवटी मेडिसिनच्या वॉर्डात ड्युटी लागेल तेव्हा हे पुन्हा समोर येईल. शरीरात किती आलं आणि किती गेलं एवढंच चार्ट सांगतो. आलेलं कुठे आहे, ते त्याला माहीत नसतं.

ते कळण्यासाठी कागदावरून नजर उचलावी लागते. त्याच फाइलमध्ये टीपीआर चार्ट होता. नाडी दुपारी दोनला ८८, रात्री आठला ९८, दोनला १०६, सकाळी सहाला ११६. ताप संध्याकाळी १०१ होता, मध्यरात्रीनंतर ९९ वर उतरला. तापानं नाडी वाढते हे खरं, पण ताप उतरत असताना नाडी चढत गेली, तेव्हा ते कारण पुरत नाही. रक्तदाब ११६/७६ वरून १०८/८० वर आला होता. वरचा आकडा शंभराच्या पुढे म्हणून कोणाला चिंता वाटली नाही. दोन आकड्यांमधलं अंतर चाळिसावरून अठ्ठावीसवर आलं होतं, हे कोणी पाहिलं नाही. रक्त कमी पडू लागलं की शरीर आधी नाडी वाढवून आणि हातापायांच्या वाहिन्या आवळून दाब सांभाळतं. दाब कोसळतो तो उशिरा. त्याच्या कितीतरी आधी लघवी कमी होते, म्हणून तर तो रकाना इतका मोलाचा आहे. पेशंटची जीभ कोरडी होती, युरोबॅगच्या नळीतली लघवी गडद होती, हात गार होते. दोन कागद आणि एक शरीर, तिघांचं म्हणणं एकच होतं. फक्त ते कोणी एका बैठकीत वाचलं नव्हतं.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धंच शिकवलं असं होईल. ऑपरेशननंतर कमी झालेली प्रत्येक लघवी पाण्याच्या कमतरतेची नसते. ऑपरेशनच्या ताणानं शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, आणि पहिल्या दिवशी लघवी त्यामुळेही घटते. अशा वेळी दर कमी आकड्याला सलाइननं उत्तर दिलं तर फुफ्फुसात पाणी होण्याची पाळी येते. म्हणून कमी लघवीचा अर्थ 'ड्रिप वाढवा' असा तुम्ही परस्पर काढायचा नाही. डॉक्टर तपासतील, गरज वाटली तर थोडं द्रव वेगानं देऊन नाडी आणि लघवीवर काय फरक पडतो ते पाहतील. तुमचं काम ते तपासणं वेळेवर घडवून आणण्याचं आहे, आणि वेळ तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात नाही.

फोन करण्याआधी दोन मिनिटांत एक गोष्ट मात्र पाहून घ्यायची. लघवी हळूहळू कमी झाली की एकदम थांबली? पन्नास, चाळीस, तीस, वीस अशी उतरली असेल तर कारण बहुधा शरीरात आहे. पन्नास, पन्नास आणि मग शून्य असं झालं असेल तर आधी नळी बघा. ती पेशंटच्या मांडीखाली दबली आहे का, तिला पीळ पडला आहे का, पिशवी बेडवर वर ठेवली गेली आहे का, गुठळीनं तोंड बुजलं आहे का. ओटीपोटावर हात ठेवा. मूत्राशय भरलेलं असेल तर ते फुगून लागतं आणि पेशंट तळमळतो. कॅथेटरच्या बाजूनं गादी ओली होत असेल तर लघवी तयार होते आहे, फक्त तिची वाट चुकली आहे. नळी साफ करायला पाणी ढकलायचं की कॅथेटर बदलायचं, हे विचारल्याशिवाय ठरवू नका.

मूत्रमार्गाच्या काही ऑपरेशननंतर मूत्राशय सतत सलाइननं धुतात, तिथे तर पिशवीतला आकडा पूर्णच फसवा असतो. पिशवीत ४००० जमलं आणि धुण्याचं ३६०० गेलं असेल, तर लघवी ४०० आहे. वजाबाकी न करता ४००० लिहिलेले चार्ट मी पाहिले आहेत.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तासाच्या चौकटी भरताना कधीकधी एकामागून एक ५०, ५०, ५०, ५० असे आकडे दिसतात. कोणाचीही किडनी इतक्या शिस्तीत चालत नाही. असा रकाना वाचलात तर समजा की तो ड्युटी संपताना एकदम भरला गेला आहे, आणि त्यावर निर्णय घेऊ नका. मला ठाऊक आहे की रात्री एका सिस्टरकडे किती बेड असतात. एखादा तास सुटणारच. सुटलेल्या तासाची चौकट मोकळी ठेवून पुढच्या चौकटीत 'दोन तासांची, ४५' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला खरं कळतं. अंदाजानं २५ आणि २० लिहिलं तर मोजलेला आणि रचलेला आकडा एकाच शाईत दिसतात, आणि त्यांतला कोणता कोणता हे पुन्हा कधीच सांगता येत नाही. तसंच शून्य आणि रिकामी चौकट यांतही अंतर आहे. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि लघवी नव्हती. रिकामी म्हणजे मी पाहिलं नाही. जनरल वॉर्डात नातेवाईक युरोबॅग परस्पर ओतून येतात, चांगल्याच हेतूनं, मावशीही ओततात. अशा वेळी 'नातेवाइकांनी ओतली, मोजली नाही' हे चार शब्द कागदावर असले तर कमी दिसणाऱ्या आउटपुटवरून कोणी औषध सुरू करणार नाही. आणि नातेवाइकांना रागावण्यापेक्षा दाखल झाल्या दिवशीच बेडला मोजपात्र अडकवून सांगावं, 'काका, पिशवी आम्हाला विचारल्याशिवाय रिकामी करू नका.' जे पेशंट तोंडानं घेतात त्यांच्या बाबतीतही हेच. घरून आणलेल्या पेल्यात किती मावतं ते एकदा मोजून बेडवर लिहून ठेवा. 'एक ग्लास' म्हणजे कोणाच्या घरी १५० असतात, कोणाच्या घरी ३००.

चार्ट रोज सकाळी शून्यापासून सुरू होतो. पेशंट तसा सुरू होत नाही. म्हणून आजचा कागद वाचताना कालचा आणि परवाचाही उलटा. रोज अधिक ७०० असा तीन दिवसांचा कागद वेगवेगळा पाहिला तर साधा वाटतो, एकत्र पाहिला तर दोन लिटर होतात. रोजचं वजन याचा चांगला पडताळा आहे, एका दिवसात एक किलोचा फरक हा जवळपास एका लिटर पाण्याचा असतो. पण वजन त्याच काट्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच कपड्यांत घेतलेलं हवं. आपल्या पेशंटला उठवणं शक्य नव्हतं, म्हणून वजन नव्हतं; तेव्हा नाडी, जीभ आणि लघवी यांवरच भिस्त.

या पेशंटसाठी फोन खरा कधी व्हायला हवा होता? सकाळी आठला नाही. दर तासाला मोजलं असतं तर रात्री नऊला आकडा तिसाच्या खाली दिसला असता आणि दहाला पुन्हा. सलग दोन तास तिसाच्या खाली आणि नाडी चढती, एवढ्यावर फोन करता येतो. बारा तासांचा आकडा जमायची वाट पाहायची नसते.

त्या फोनवर काय बोलायचं, हेही मी वर्गात मोठ्यानं म्हणून घेते. 'सर, बेड नंबर बाराची लघवी जरा कमी आहे' असं म्हटलं की पलीकडून उत्तर येतं, 'बरं, वॉच करा.' त्याऐवजी म्हणायचं: 'सर, बेड बारा, फुटलेल्या अल्सरचं ऑपरेशन, दुसरा दिवस, वजन साठ किलो. लघवी सकाळी ताशी पन्नास होती, दुपारी पस्तीस, आता नऊ आणि दहा वाजता तिसाच्या खाली. कॅथेटर मोकळा आहे, पोटावर मूत्राशय लागत नाही. नाडी शंभर, संध्याकाळी अठ्ठ्याण्णव होती, दुपारी अठ्ठ्याऐंशी. ताप उतरतो आहे. राइल्स ट्यूबमधून बरंच येतंय, त्याचा हिशेब माझ्याकडे तयार आहे. जीभ कोरडी, हात गार. तुम्ही येऊन बघाल का?' आणि फोनची वेळ चार्टच्या कडेला लिहून ठेवायची.